सहामाही बजेट : एप्रिल ते सप्टेंबर, एक्सेल न उघडता

सर,

शीट मुद्दाम जोडली नाहीये, चार टॅब आहेत आणि तुम्ही पहिल्याच टॅबला वैतागाल. कामाचं तेवढं इथेच लिहितोय.

सहा महिन्यांत विक्री 14 कोटी धरली होती, झाली 14 कोटी 35 लाख, म्हणजे माल चांगला गेला. पण खर्च 12 कोटी धरला होता तो 12 कोटी 66 लाखांवर गेला. हातात 2 कोटी राहायला हवे होते, राहिले 1 कोटी 69 लाख. धंदा वाढला आणि नफा 31 लाखांनी घटला, असं झालंय.

जास्तीचे पैसे कुठे गेले, तर सगळ्यात मोठा खड्डा गाडीभाड्याचा, 34 लाख. बजेट करताना भोसरीहून रांजणगावला रोज एक भरलेली गाडी जाईल असं धरलं होतं. प्रत्यक्षात कस्टमर संध्याकाळी फोन करतो, उद्या सकाळी माल हवा, मग आपण मिळेल तो टेम्पो अर्धा रिकामा पाठवतो आणि दिवसात दोन-तीन फेऱ्या होतात, त्याचं भाडं आपणच भरतो, त्यांना एक रुपया लावत नाही. हे दर महिन्याला चालूच राहणार.

ओव्हरटाइमचे 24 लाख जास्त गेलेत, पण ते मशीन बंद पडलं तेव्हाचे, आता चालू आहे, त्याची मला काळजी नाही. विजेचे 14 लाख जास्त, कारण कपॅसिटर बँक खराब आहे, पॉवर फॅक्टर पडतो आणि महावितरणचं बिल वापर तेवढाच असून फुगतं. दुरुस्तीचं कोटेशन 3 लाखांचं आहे आणि जूनपासून सहीसाठी पडलंय (तुमच्याच टेबलवर, सॉरी).

शीटमध्ये मेंटेनन्सला 6 लाखांची बचत दिसते, पण ती बचत नाही, बिल ऑक्टोबरमध्ये आलंय. कुणी मीटिंगमध्ये त्याचं कौतुक करायला लागलं तर थांबवा.

अजून एक, छोट्या सप्लायरचे पैसे 45 दिवसांत द्यायचेत. उशीर झाला आणि 31 मार्चला बाकी राहिले तर तो खर्च यंदा टॅक्समध्ये धरता येत नाही. कस्टमरकडून मात्र आपले पैसे 90 दिवसांनी येतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चला बँकेत ओढाताण होणार, सीसी लिमिटबद्दल बँकेशी आत्ताच बोलून ठेवतो.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. कपॅसिटरच्या कोटेशनवर सही. आणि रांजणगावच्या परचेस हेडला तुम्ही स्वतः फोन करा, शेड्यूल दोन दिवस आधी द्या नाहीतर तातडीच्या गाडीचं भाडं तुमच्या बिलात लागेल म्हणून सांगा. मी केला तर ते "बघतो" म्हणतात. सोमवारच्या रिव्ह्यूआधी झालं तर बरं, तिथे पहिला प्रश्न गाडीभाड्याचाच येणार आहे.