काचेच्या अलीकडून

प्रिय वाचिके,

रेकॉर्डिंगच्या तक्त्यात तुझं नाव 'वाचक' या रकान्यात असतं आणि माझं 'ध्वनिमुद्रण' या रकान्यात. मधे एक रेघ आहे. आज मी ती ओलांडतोय.

हे पत्र तुझ्या पानांच्या गठ्ठ्यात ठेवायचा विचार होता, पण समोर आलेला कागद तू थेट मोठ्याने वाचायला लागतेस आणि तेव्हा माइक चालू असतो. अंध विद्यार्थ्यांना प्राणिशास्त्राच्या सहाव्या प्रकरणानंतर एकदम हे ऐकू आलं असतं. म्हणून वेगळं पाकीट केलं आणि त्यावर ठळक अक्षरांत 'मनात वाचणे' असं लिहिलं.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल. तू मला आवडतेस. खूप आवडतेस, आणि बऱ्याच दिवसांपासून.

तोंडाने का सांगितलं नाही, तर मी लाजतो. आपल्या दोघांच्या मधे ती जाड काच आहे. तुझं सगळं मला ऐकू येतं, पान उलटल्याचंसुद्धा. माझं मात्र तुला ऐकू जायला मी टॉकबॅकचं बटण दाबायला हवं. बटण दाबून मी तुझ्याशी काय बोललोय ते तुला पाठच असेल: "मागच्या परिच्छेदापासून घेऊया", "छान झालं", "पाणी?" बटण न दाबता मात्र मी तुझ्याशी भरपूर बोललोय. फार सुंदर गप्पा झाल्या आपल्या. त्यात तू मला पुष्कळदा हसवलंस आणि एकदा माझ्यावर रागावलीसही, पण लगेच समेट झाला.

आणि 'अहो-जाहो नको' असं तू सांगितलंस, त्याला आता बराच काळ लोटला. तेव्हापासून मी 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळून वाक्यं जुळवतोय: "सुरू करायचं का?", "आवाज बसलाय का?", "निघणं झालं का?" या पत्रात पहिल्यांदाच तुला पोटभर 'तू' म्हणतोय. मजा येतेय.

पहिल्या दिवशी तू स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलंस आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. "ई! असा आहे माझा आवाज?" मी घाईघाईत "सगळ्यांना तसंच वाटतं" एवढंच म्हणालो. नीट उत्तर आज देतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही आतल्या आत कानापर्यंत पोचतो. हाडांतून येताना त्यातला खर्ज वाढतो. रेकॉर्डिंगमध्ये तो हाडांचा वाटा नसतो, म्हणून स्वतःला आपण परके वाटतो. थोडक्यात काय, तुझा आवाज खरा कसा आहे हे तू सोडून सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा या बाबतीत तू माझं ऐकायचंस. तो आवाज ऐकल्यावर माणसाला वाटतं, आता सगळं नीट समजणार. कठीण वाक्याच्या आधी तू किंचित थांबतेस, ऐकणाऱ्याला "ये, सावकाश ये" असं म्हणावं तशी. कॉम्प्युटर तुझा आवाज एका सेकंदात 44,100 वेळा मोजतो. तुझ्याकडे इतकं बारीक लक्ष देणारे त्या खोलीत दोघंच आहोत, आणि त्यातल्या एकालाच तो आवडतो.

श्वसनसंस्थेचं प्रकरण आठवतंय? 'फुफ्फुस' हा शब्द माइकचा शत्रू आहे. एका 'फ'ने हवेचा झोत माइकवर आदळतो, इथे तर तीन 'फ', त्यातले दोन जोडाक्षरात, आणि प्रत्येक ओळीत फुफ्फुस. पॉप फिल्टर लावला, माइक तिरका केला, तरी भडका उडतच होता. शेवटी तू पुस्तक खाली ठेवलंस, माइककडे बघून हात जोडलेस आणि म्हणालीस, "माइकराव, माफ करा, पण यांना याच्याशिवाय श्वास घेता येत नाही हो." मग तू इतकी हसलीस की खुर्ची कुरकुरायला लागली.

ते हसू मी कापलं. कापावंच लागतं, पाठ्यपुस्तकात चालत नाही. आवाजाच्या आलेखात वाचनाच्या रेषा बऱ्यापैकी एकसारख्या दिसतात, पण तू हसलीस की मधेच उंच उंच टोकं उभी राहतात. लांबूनच दिसतं, हिला हसू आलंय. माझं काम ती टोकं निवडून पुसायचं. या कामातला सगळ्यात अवघड भाग कुठला असं कोणी विचारलं, तर मी हाच सांगेन. त्यातलं एकही हसू मी बाजूला काढून ठेवलेलं नाही, तुला विचारल्याशिवाय ठेवणं बरोबर नव्हे. त्यामुळे ते पुन्हा ऐकायचं असेल तर तुला पुन्हा हसावं लागेल, आणि मला त्या वेळी तिथे असावं लागेल. हा या पत्राचा एक स्वार्थी हेतू आहे.

पण तू मला आवडायला लागलीस त्याचं श्रेय ऑक्टोपसला आहे.

पुस्तकात नुसतं 'आकृती पाहा' असं होतं. तू थांबलीस. म्हणालीस, "जो पाहू शकत नाही त्याला 'पाहा' काय सांगायचं? थांब जरा." मग बूथमध्ये बसून तू स्वतःचे हात उलटसुलट करून बघत राहिलीस. बऱ्याच वेळाने माइकजवळ आलीस आणि सांगितलंस: "दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवा. अंगठे आत दुमडा. आता उरलेली आठ बोटं पसरा आणि हलवून बघा. ऑक्टोपसचे आठ हात साधारण असे, मधल्या एका शरीरापासून निघालेले." मीही अलीकडे तसंच केलं. हेडफोन कानावर, मनगटं जुळलेली, आठ बोटं हवेत. तू वर बघितलंस, जराही न हसता तुझा ऑक्टोपस काचेला लावलास आणि त्याचा एक हात हलवून माझ्या ऑक्टोपसला नमस्कार केलास.

कुठेतरी एखादा विद्यार्थी ते ऐकेल, आपली मनगटं जुळवेल आणि त्याच्याच हातात त्याला ऑक्टोपस सापडेल. हे तुला सुचलं. कोणी सांगितलं नव्हतं, 'आकृती दिली आहे' एवढं म्हणून पुढे जाता आलं असतं. तू गेली नाहीस. माझं तिथेच ठरलं.

आणि मग पुढचंच वाक्य आलं: ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. तू वाचलंस, थांबलीस आणि स्वतःशीच म्हणालीस, "इथे एक सांभाळताना नाकी नऊ येतात, आणि याला तीन!" तेही मी कापलं. तुला म्हणून सांगतो, त्या क्षणी मला बटण दाबायचं होतं.

त्या ऑक्टोपसबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो. त्याची दोन हृदयं कल्ल्यांना रक्त पुरवतात आणि तिसरं, मुख्य, बाकीच्या शरीराला. तो पोहायला लागला की नेमकं हे मुख्य हृदय थांबतं. म्हणून पोहण्यापेक्षा तळावरून सरपटत जाणं त्याला सोयीचं पडतं. तू दार उघडून आत येतेस आणि "काय, आज किती पानं?" असं विचारतेस, तेव्हा या प्राण्याचं मला सगळं पटतं. सरपटत का होईना, पोचायचं त्याला कळतं. हे पत्र म्हणजे तेच आहे.

आपलं एक काम मात्र मला सगळ्यात प्रिय आहे. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आपण तीस सेकंद खोलीची शांतता मुद्रित करतो, तो रूम टोन. जिथे काही कापलं तिथे कोरी शांतता भरली तर ऐकणाऱ्याला वाटतं यंत्रच बंद पडलं. म्हणून त्याच खोलीची, त्याच हवेची शांतता तिथे जोडायची. तेवढ्यासाठी तू तिकडे आणि मी इकडे, दोघांनी न हलता, न बोलता बसायचं. लाजणाऱ्या माणसासाठी याहून चांगली भेट कोणी ठरवूच शकत नाही: गप्प बसणं हेच काम, आणि समोर तू. फक्त तुला ते तीस सेकंद कधीच धरवत नाहीत. निम्म्यात तू हळूच विचारतेस, "झाले का?" आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. कृपा करून ही सवय सोडू नकोस.

आता विचारायचं ते. गुरुवारी सहावं प्रकरण संपेल. त्यानंतर आपण दोघं बाहेर थोडं चालू या का? काच नाही, बटण नाही, आणि कोणी काही कापणार नाही. मी सुरुवातीला कमी बोलेन, पण जे बोलेन ते तुला ऐकू येईल. तुझ्या ऑक्टोपसच्या पुढच्या वाक्याला मी काय उत्तर देणार होतो, तेही तेव्हा सांगेन.

नको असेल तर तसं सांग, एका शब्दात सांगितलंस तरी पुरे. मला वाईट वाटेल, थोडे दिवस वाटेल, पण त्याचा भार तुझ्यावर यायचं काही कारण नाही. सातवं प्रकरण आपण ठरल्याप्रमाणे घेऊ, मी तितक्याच मनापासून घेईन, आणि "छान झालं" म्हणेन तेव्हा ते छानच झालेलं असेल. तुझं वाचन मुलांना हवंय, ते या पत्रामुळे अडायला नको. विचार करायला वेळ हवा असेल तर हवा तेवढा घे. आणि होकार असेल तर बोलायचीही गरज नाही. काचेपलीकडून मनगटं जुळवून दाखव, मला कळेल.

तुझा,
काचेच्या अलीकडचा

ता. क. तुझ्या खुर्चीच्या मागच्या दोन्ही जोडांना तेल घातलंय. आता हसताना बिनधास्त मागे रेल.