विज्ञान प्रश्नपेढी: टॅग लावण्याची पद्धत (घटक – विद्युतधारा)

ही पद्धत प्रश्न लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या सर्व विषयशिक्षकांसाठी आहे. सुरुवात विद्युतधारा या घटकापासून होते. पुढचे घटक याच चौकटीत बसतील, त्यांचे संकेत मात्र वेगळे असतील. पुढे पेपर काढणाऱ्याने एकही प्रश्न न उघडता, केवळ टॅग पाहून संविधान तक्ता भरावा, एवढ्यासाठी हे सगळे आहे.

आधी सोडवा, मग टॅग लावा

प्रश्नाचे पूर्ण उत्तर गुणांच्या विभागणीसह लिहून झाल्याशिवाय एकही टॅग भरायचा नाही. प्रश्न नुसता वाचून लावलेला टॅग बहुतेक वेळा प्रकरणाच्या नावावरून लागतो. विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय करावे लागते, ते उत्तर लिहितानाच कळते.

उपघटक

ELE.1 विद्युतधारा व विभवांतर
ELE.2 ओहमचा नियम
ELE.3 रोध व रोधकता
ELE.4 एकसर व समांतर जोडणी
ELE.5 विद्युतशक्ती व औष्णिक परिणाम

प्रत्येक प्रश्नाला मुख्य उपघटक एकच. जी गोष्ट येत नसेल तर सर्वाधिक गुण जातात, तो मुख्य. दुय्यम उपघटक जास्तीत जास्त दोन, आणि तेही उत्तराच्या प्रत्येक मार्गात लागत असतील तरच. उदाहरणार्थ: ‘220 V वर 1000 W शक्ती वापरणाऱ्या हीटरचा रोध काढा.’ कोणी P = V²/R वापरून थेट 48.4 Ω काढेल. कोणी आधी P = VI वरून धारा काढेल आणि मग ओहमच्या नियमाकडे जाईल. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. म्हणून मुख्य ELE.5, आणि ELE.2 दुय्यम म्हणूनसुद्धा लावायचा नाही. तो लावला, तर ओहमच्या नियमावर प्रश्न विचारला गेला अशी नोंद राहील आणि निम्म्या वर्गाने तो नियम वापरलेलाही नसेल.

अध्ययन निष्पत्ती

ELE-N1 राशींच्या व्याख्या व SI एकके सांगता येणे
ELE-N2 V–I आलेखावरून रोधाबद्दल निष्कर्ष काढता येणे
ELE-N3 लांबी, काटछेद व पदार्थ बदलल्यास रोधात होणारा बदल काढता येणे
ELE-N4 जोडणीतील परिणामी रोध, धारा व विभवांतर काढता येणे
ELE-N5 शक्ती व वापरलेली ऊर्जा काढता येणे
ELE-N6 दिलेल्या परिपथातील दोष शोधून कारण देता येणे

नवी निष्पत्ती सुचवताना ‘समजते’, ‘जाणीव होते’ अशी क्रियापदे टाळा, कारण उत्तरपत्रिकेत ती दिसत नाहीत. एका प्रश्नाला एकच निष्पत्ती. दोन लागू होत आहेत असे वाटले तर प्रश्नाचे (अ) आणि (आ) असे भाग करा आणि प्रत्येक भागाची वेगळी नोंद करा.

बौद्धिक पातळी आणि काठिण्य पातळी

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

बौद्धिक पातळीसाठी ब्लूमच्या वर्गीकरणाची 2001 ची सुधारित मांडणी घेतली आहे. तिच्या सहा पायऱ्यांपैकी लेखी पेपरसाठी चार पुरेशा आहेत: SM स्मरण, AK आकलन, UP उपयोजन, VI विश्लेषण. मूल्यमापन आणि सर्जन या पायऱ्या प्रकल्प व प्रयोगासाठी राखून ठेवल्या आहेत. तीन गुणांच्या प्रश्नावर त्या लावणे म्हणजे नुसते नाव देणे होईल.

काठिण्य पातळी 1, 2, 3 (सोपा, मध्यम, कठीण) हा पूर्णपणे वेगळा रकाना आहे. स्मरणाचा प्रश्न सोपा आणि विश्लेषणाचा कठीण, असे गृहीत धरायचे नाही. ‘रोधकतेचे SI एकक लिहा’ हा प्रश्न निव्वळ स्मरणाचा आहे, पण उत्तर Ω m असताना नुसते Ω किंवा Ω/m लिहिणारे बरेच निघतात. त्याला SM सोबत 2 योग्य.

आता याच्या उलट बाजूचा प्रश्न पाहा. एका आलेखावर P आणि Q या दोन वाहकांच्या सरळ रेषा आहेत, P ची रेषा जास्त चढी आहे, आणि ‘कोणाचा रोध जास्त?’ असे विचारले आहे. V उभ्या अक्षावर असेल तर उत्तर P. अक्षांची अदलाबदल करून I उभ्या अक्षावर घेतली की उत्तर Q. दोन्ही प्रश्नांना ELE.2, ELE-N2, VI हेच टॅग लागतात, पण पहिल्याची काठिण्य पातळी 1 आणि दुसऱ्याची 3 ठेवावी. ‘जास्त चढ म्हणजे जास्त रोध’ हे पाठ केलेला विद्यार्थी दुसऱ्या प्रश्नात अडकतो. हा फरक नोंदवता यावा म्हणूनच दोन रकाने वेगळे ठेवले आहेत, त्यांची कधीही बेरीज करू नये.

अंदाज आणि प्रत्यक्ष

नव्या प्रश्नाची काठिण्य पातळी दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता ठरवावी. एकमत न झाल्यास तिसऱ्याचे मत घ्या. अशा प्रश्नाच्या `diff_src` मध्ये `est` लिहावे. प्रश्न परीक्षेत वापरून झाल्यावर मिळालेल्या सरासरी गुणांना पूर्ण गुणांनी भागा. उत्तर 0.75 किंवा अधिक आले तर पातळी 1, 0.40 किंवा त्याहून अधिक पण 0.75 पेक्षा कमी आले तर 2, त्याखाली 3. मग `est` च्या जागी `obs` लिहा. शिक्षकांचा अंदाज चुकला म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नये, विद्यार्थ्यांचे आकडेच ग्राह्य धरायचे.

शक्य असेल तेव्हा भेददर्शकताही काढा: एकूण गुणांनुसार वरच्या 27 टक्के विद्यार्थ्यांचे या प्रश्नातील यशाचे प्रमाण वजा खालच्या 27 टक्क्यांचे. 0.20 च्या खाली गेल्यास प्रश्न पुन्हा वाचायचा. उणे आल्यास तो ताबडतोब बाजूला काढून आधी आदर्श उत्तरच तपासायचे, कारण हुशार मुले चुकतात आणि बाकीची बरोबर येतात तेव्हा बरेचदा दोष आपल्या उत्तरात असतो.

भरलेली नोंद

प्रश्न: 4 Ω व 8 Ω हे रोध 12 V च्या बॅटरीला एकसर जोडले आहेत. परिपथातील धारा आणि 8 Ω च्या टोकांमधील विभवांतर काढा. (उत्तर: 1 A, 8 V)

```
id: ELE-0147
topic: ELE.4
also: ELE.2
outcome: ELE-N4
level: UP
diff: 2
diff_src: est
marks: 3
min: 5
clash: ELE-0152
used: 0
```

`clash` हा रकाना रिकामा सोडण्याचा मोह होतो, पण पेपर त्यानेच वाचतो. ELE-0152 च्या मजकुरातच ‘एकसर जोडणीत सर्व रोधांतून समान धारा वाहते’ असे वाक्य आहे. दोन्ही एकाच पेपरात आले तर एकाची पहिली पायरी दुसऱ्यात छापून मिळेल. नोंद दोन्ही प्रश्नांत करा, एकतर्फी नोंद गाळणीत सापडत नाही. फक्त आकडे बदललेले जुळे प्रश्नही इथेच लिहावेत.

पेपर जुळवताना

वीस गुणांच्या घटक चाचणीसाठी काठिण्याचा भारांश 5–10–5 धरला आहे: सोपे 5, मध्यम 10, कठीण 5 गुण. तक्त्यातल्या ज्या चौकटीत पेढीत सर्वांत कमी प्रश्न आहेत, तिथून सुरुवात करा. सध्या ती चौकट ELE-N6 आणि पातळी 3 ची आहे. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली तर शेवटी ही चौकट भरायला असा एकच प्रश्न उरतो, जो आधी घेतलेल्या कशाशी तरी `clash` असतो, आणि सगळी जुळणी पुन्हा करावी लागते. `min` ची बेरीज चाचणीच्या वेळेपेक्षा दहा टक्क्यांनी कमी असावी. प्रश्न निवडला की `used` मध्ये त्याच दिवशी एकने वाढ करा.

रद्द केलेल्या प्रश्नाचा `id` पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. प्रश्नातील आकडे किंवा पर्याय बदलले तर तो नवा प्रश्न समजावा, नवा `id` द्यावा आणि `diff_src` पुन्हा `est` करावा. केवळ शुद्धलेखन सुधारले असेल तर जुनी नोंद चालू ठेवावी.