सकाळी उपाशीपोटी या, नाश्ता घरी जाऊन करा!

दिवाळीचा फराळ संपला, आता एक निवांत सकाळ स्वतःसाठी? आमचं ‘संपूर्ण तपासणी’ पॅकेज १,४९९ रुपयांत, ३० नोव्हेंबरपर्यंत.

यात काय काय आहे?

🩸 सीबीसी: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स.

🩸 साखर, दोन प्रकारे. उपाशीपोटीची साखर त्या सकाळची स्थिती सांगते. एचबीएवनसी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ साखरेची नोंद त्यांच्यावर राहते. त्यामुळे आदल्या दिवशी गोड सोडून फारसा फरक पडत नाही, बरं का! 😄

🩸 लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड्स), लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, थायरॉइडसाठी टीएसएच.

🩸 व्हिटॅमिन डी आणि बी१२. शाकाहारी मंडळींनी बी१२ पाहून घेतलेलं बरं.

🧪 लघवीची तपासणी. डबी आम्ही देतो.

रात्रीच्या जेवणानंतर १० ते १२ तास काही खाऊ नका. पाणी चालेल, चहा नको (हो, बिनसाखरेचाही नको). रोजची औषधं सुरू असतील तर सकाळच्या गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

सुई एकदाच, तीन-चार छोट्या ट्यूब, पाच मिनिटांचं काम. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर, व्हिटॅमिनचे दुसऱ्या दिवशी. एखादा आकडा ठळक छापलेला दिसला तर गुगलआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

📍 विश्रामबाग, सांगली. सकाळी ७ ते ११. आई-बाबांसाठी घरी येऊन सॅम्पल घेतो, वेगळे पैसे नाहीत. वेळ ठरवायला मेसेज करा.