बाळासाठी अरबी आणि फारसी नावे : अर्थ कसा ओळखावा

अरबी आणि फारसी नावांच्या बहुतेक याद्यांमध्ये प्रत्येक नावापुढे ‘सुंदर’, ‘तेजस्वी’ किंवा ‘भाग्यवान’ असा एकच शब्द लिहिलेला आढळतो, आणि त्यामुळे दोन नावांमधला फरक वाचकाला कळत नाही. जे नाव बाळ आयुष्यभर वागवणार आहे, त्याचा अर्थ आईवडिलांना नेमका माहीत असावा.

अरबी नावांचा अर्थ त्यांच्या धातूत असतो आणि हा धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. ‘ह-म-द’ या धातूचा अर्थ स्तुती करणे असा आहे. त्यापासून मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद आणि हामिद ही सगळी नावे झाली. यातला हामिद म्हणजे स्तुती करणारा, तर हमीद आणि महमूद म्हणजे ज्याची स्तुती व्हावी किंवा होते असा. एका काना-मात्रेने कर्ता बदलतो, म्हणून नाव मराठीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करू नये. ‘न-स-र’ धातूचेही तसेच आहे : नासिर म्हणजे मदत करणारा, नुसरत म्हणजे मदत, आणि मन्सूर म्हणजे ज्याला मदत लाभली आहे तो, अर्थात विजयी.

यातले अनेक धातू मराठीच्या रोजच्या बोलण्यात आधीच वावरत आहेत. ‘तारीफ’ हा शब्द ज्या धातूतून आला, त्याच धातूतून आरिफ (जाणणारा), इरफान (ज्ञान, आत्मिक जाण) आणि मारूफ (ख्यातनाम) ही नावे आली. ‘कबूल’ म्हणणाऱ्याला मकबूलचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही : जो स्वीकारला गेला, जो लोकांना मान्य झाला, तो मकबूल.

मुलींच्या नावांत बहुधा शेवटी ‘आ’ येतो. जमीलची जमीला, खालिदची खालिदा होते. जमील म्हणजे देखणा आणि खालिद म्हणजे चिरंतन. मात्र काही नावांची निवड शब्दार्थावरून होत नाही. फातिमा या नावाचा मूळ अर्थ बाळाचे दूध तोडण्याशी जोडलेला आहे, पण हे नाव प्रेषितांच्या कन्येच्या आदरापोटी ठेवले जाते, आणि तोच त्याचा खरा अर्थ समजावा.

‘अब्द’ म्हणजे सेवक. अब्दुर्रहमान म्हणजे परमदयाळू ईश्वराचा सेवक. ‘रहमान’ हे ईश्वराचेच विशेषण असल्यामुळे श्रद्धाळू कुटुंबे मुलाचे नाव अब्दुर्रहमान असे पूर्ण ठेवतात आणि हाकही शक्यतो पूर्ण नावानेच मारतात.

फारसी नावांची घडण निराळी आहे. तेथे धातूपेक्षा शब्दांची जोडणी महत्त्वाची असते आणि ती मराठी माणसाला समासासारखी सहज उलगडते. गुल म्हणजे फूल आणि नार म्हणजे डाळिंब, म्हणून गुलनार म्हणजे डाळिंबाचे फूल. ‘दिलशाद’ मधला शाद म्हणजे आनंदी. आपला ‘शाबास’ हा शब्दही ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’, यापासूनच आला आहे. मेहेर म्हणजे सूर्य आणि मायाही. ‘मेहेरबान’ मध्ये ही माया आहे. पुष्कळ नावांत दोन्ही भाषा एकत्र नांदतात : नूरजहाँमध्ये नूर (प्रकाश) अरबी आहे आणि जहाँ (जग) फारसी.

आकाशातली नावे मला विशेष प्रिय आहेत. नाहीद म्हणजे शुक्र आणि खुर्शीद म्हणजे सूर्य. परवीन हे फारसी नाव आणि सुरय्या हे अरबी नाव एकाच तारकापुंजाचे आहे, आणि तो पुंज म्हणजे आपल्या कृत्तिका. परवीनचा अर्थ नुसता ‘तारा’ असा देणारी यादी त्या नावातला अर्धा आनंद हिरावून घेते.

सर्वांत जास्त घोटाळा ‘ज’ मुळे होतो. अरबी लिपीत चार वेगवेगळी अक्षरे आहेत, ज्यांचा उच्चार फारसी आणि उर्दूत ‘जहाज’ मधल्या शेवटच्या ‘ज’ सारखा एकच होतो, आणि देवनागरीत ती सारी ‘ज’ किंवा ‘झ’ अशीच लिहिली जातात. त्यामुळे ‘नजीर’ असे लिहिलेले नाव दोन भिन्न शब्दांचे असू शकते : एक نذیر, म्हणजे सावध करणारा, आणि दुसरा نظیر, म्हणजे तोडीचा, तुल्य. समीर या नावाचेही असेच दोन अर्थ निघतात. संस्कृतात ते वाऱ्याचे नाव आहे, तर अरबीत रात्रीच्या गप्पांतला सोबती असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही अर्थ मोहक असल्याने येथे निवड कुटुंबाने करावी; नजीरच्या बाबतीत मात्र जन्मनोंदणीपूर्वी उर्दू, अरबी किंवा फारसी जाणणाऱ्या व्यक्तीकडून नाव मूळ लिपीत लिहून घ्यावे आणि त्या अक्षरांवरूनच अर्थ निश्चित करावा.