वारा पडला तर बोट जाईल : भविष्यकाळ आणि जर-तर

मीनाक्षी केरळातून बदली होऊन मालवणच्या एका बँकेत आली आहे. ती काकूंच्या घरी भाड्याने राहते. वर्तमानकाळ आणि भूतकाळ तिला बऱ्यापैकी येतात. तुमचंही तेवढं झालं असेल तर हा पाठ वाचायला घ्या. संवाद आधी मोठ्याने वाचा, स्पष्टीकरण मागाहून.

संवाद पहिला : घरी

काकू: उद्या किती वाजता येशील?
मीनाक्षी: सहापर्यंत येईन. तुम्ही घरी असाल ना?
काकू: असेन की! काका मात्र उशिरा येतील. ते कुडाळला जाणार आहेत.
मीनाक्षी: येताना बाजारातून काही आणू?
काकू: कोथिंबीर आण. बाकीचं परवा आपण दोघी जाऊन आणू.

‘येणे’ची रूपं अशी होतात: मी येईन, आम्ही येऊ, तू येशील, तुम्ही याल, तो, ती किंवा ते (एकवचनी) येईल, अनेकजण येतील. काका एकटेच आहेत, तरी आदरामुळे ‘येतील’. ‘करणे’चं ‘मी करीन’ असंही ऐकाल आणि ‘मी करेन’ असंही. दोन्ही चालतं, त्यावरून कोणाशी वाद घालू नका.

एक सोय आहे. ‘येतो’ आणि ‘येते’ यांत बोलणारा पुरुष की बाई हे कळतं, ‘येईन’मध्ये कळत नाही. मीनाक्षीही ‘येईन’ म्हणते आणि काकाही. (मालवणी बोलीत मात्र ‘तो येतलो, ती येतली’ असा फरक होतो. शेजारी असं बोलले तर गोंधळू नका, तोही भविष्यकाळच आहे.)

काका ‘जाणार आहेत’, कारण त्यांचं ठरलेलं आहे. मीनाक्षीचं ‘येईन’ हे आश्वासन आहे, अंदाजही आहे. नकार देताना हा भेद उरत नाही: ‘येईन’ आणि ‘येणार आहे’ या दोन्हींचा नकार ‘येणार नाही’ असाच होतो. ‘मी काही आणू?’ हा परवानगीचा प्रश्न आहे. काकूंच्या ‘आपण आणू’मध्ये बेत आहे.

संवाद दुसरा : धक्क्यावर, मे महिन्याच्या अखेरीस

मीनाक्षी: दादा, उद्या सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्यावर बोट जाईल का?
बोटवाला: वारा पडला तर जाईल.
मीनाक्षी: आणि नाही पडला तर?
बोटवाला: तर नाही जाणार. समुद्र खवळलेला असेल तर आम्ही कोणालाच नेत नाही.
मीनाक्षी: मी आठला आले तर चालेल?
बोटवाला: चालेल, पण फोन करून या. बोट सुटणार असेल तर सांगेन. पुढे पावसाळाभर बंदच.

पाठाचं मर्म इथे आहे. गोष्ट उद्याची, वारा अजून पडायचा आहे, तरी बोटवाला ‘पडला’ म्हणतो. मराठीत अटीच्या वाक्यात क्रियापद बहुधा भूतकाळाचं रूप घेतं आणि भविष्यकाळ दुसऱ्या अर्ध्यात येतो. अट आधी पुरी झाली असं धरायचं आणि मग पुढचं बोलायचं. म्हणून ‘सुट्टी मिळेल तर येईन’ यापेक्षा ‘सुट्टी मिळाली तर येईन’ सहज वाटतं.

रूप भूतकाळाचं असल्यामुळे लिंग-वचनाचे नियम परत येतात: वारा पडला तर, गाडी आली तर, मासे मिळाले तर. ‘मी आले तर’ म्हणणारी मीनाक्षी आहे. तिच्या जागी काका असते तर ‘मी आलो तर’ म्हणाले असते. (वारा ‘पडतो’ म्हणजे थांबतो, पाऊस ‘पडतो’ म्हणजे सुरू होतो. धक्क्यावर हे नीट ऐका.)

या संवादात ‘जर’ एकदाही आला नाही, हे लक्षात आलं का? ‘जर वारा पडला तर’ बरोबरच आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘जर’ गळतो. ‘तर’ सहसा गळत नाही. वाक्य उलटंही करता येतं: ‘येईन मी, सुट्टी मिळाली तर.’

एखादी स्थिती आत्ता आहे की नाही हे माहीत नसेल तेव्हा ‘असेल तर’: समुद्र खवळलेला असेल तर, भूक लागली असेल तर. दोन्ही बाजूंना भविष्यकाळही सापडतो, पण तो धमकीत किंवा घोषवाक्यात शोभतो. ‘पुन्हा भरतीच्या वेळी पाण्यात उतरशील तर मार खाशील!’ असं आई ओरडते. भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ असं लिहिलेलं दिसतं. फलकांची भाषा आणखी वेगळी: ‘हवामान खराब असल्यास फेरी रद्द होईल.’ ‘असल्यास’ म्हणजे ‘असेल तर’ किंवा ‘असलं तर’. वाचताना ओळखा, मासळी बाजारात वापरू नका.

संवाद तिसरा : मासळी बाजार, जूनचा पहिला आठवडा

मीनाक्षी: मावशी, सुरमई नाही का?
मावशी: कुठून असणार गं? एक तारखेपासून बंदी लागली. आता जुलै संपेपर्यंत मोठ्या होड्या बाहेर पडणार नाहीत.
मीनाक्षी: अरेरे!
मावशी: गेल्या आठवड्यात आली असतीस तर मिळाली असती. मी चार तुकड्या ठेवल्या असत्या तुझ्यासाठी.
मीनाक्षी: तुम्ही फोन केला असता तर मी धावत आले असते.
मावशी: तुझा नंबर माझ्याकडे असता तर केला असता ना! बरं, सुकट घे.

मे संपला, सुरमई गेली, फोन झालाच नाही. जे घडलं नाही त्याची ही वाक्यं आहेत, आणि त्यात दोन्ही बाजूंना ‘असता’ येतो. तोही वाकतो, आणि कोणाच्या मागे वाकतो ते पाहा. ‘मी आले असते’ मीनाक्षीप्रमाणे. ‘मिळाली असती’ सुरमईप्रमाणे. ‘मी तुकड्या ठेवल्या असत्या’ मावशीप्रमाणे नाही, तुकड्यांप्रमाणे, कारण ‘मी तुकड्या ठेवल्या’ या साध्या भूतकाळातही तसंच होतं. भूतकाळ पक्का असेल तर इथे नवीन फारसं शिकायचं नाही.

‘नंबर माझ्याकडे असता तर’ यात ‘असता’ एकटाच आहे. आज जे नाही ते कल्पायचं असेल तर एवढंच पुरे. भाड्याच्या होडीवरचा खलाशी म्हणतो, ‘माझी स्वतःची होडी असती तर मी दुसऱ्याकडे कशाला आलो असतो?’

संवाद चौथा : गणपतीआधी

मीनाक्षी: काकू, मुंबईहून तुमचे दीर येतील?
काकू: येतील की. रेल्वेचं तिकीट मिळालं तर रेल्वेने, नाही मिळालं तर एसटीने.
मीनाक्षी: आणि खूप पाऊस पडला तर?
काकू: कितीही पाऊस पडला तरी चाकरमानी गणपतीला येणारच!

‘तर’ला वेलांटी लागली आणि अट मोडून पडली. ‘पाऊस पडला तर येणार नाहीत’ यात पावसाचं चालतं, ‘पडला तरी येतील’ यात चालत नाही. ‘येणारच’मधल्या ‘च’ने काकूंनी विषय संपवला.

सराव

‘काल वारा पडला नाही, म्हणून बोट सुटली नाही.’ हे ‘असता’ वापरून सांगा. उत्तर: काल वारा पडला असता तर बोट सुटली असती.

आता ही दोन तुम्ही बदला, पहिलं ‘असता’ने, दुसरं ‘तरी’ने: ‘तू सांगितलं नाहीस, म्हणून मी बांगडे आणले नाहीत.’ ‘गाडी उशिरा आली तर आम्ही थांबणार नाही.’ पहिल्यात ‘आणले असते’ आलं की नाही ते तपासा. दुसऱ्यात फक्त ‘तर’चा ‘तरी’ करून भागणार नाही, शेवटही बदलावा लागेल.