दीड महिना बाहेरगावी आहोत, किल्ली शेजारी ठेवू का?

काका, नमस्कार.

बहिणीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं ५ जुलै ते २० ऑगस्ट नाशिकला असू. राजारामपुरीतलं घर तोवर बंद राहील.

काळजी पावसाचीच आहे. गेल्या जुलैत गच्चीचा पाइप पाल्यानं तुंबला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येऊन तांदळाचं पोतं खालून काळं पडलं, तुम्हीही बघितलंय. म्हणून जादाची एक किल्ली समोरच्या वहिनींकडे ठेवली तर चालेल का? त्या आठवड्यातून एकदा खिडक्या उघडतील, पाइप बघतील. किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार नाही. तुम्हाला पटत नसेल तर तुमच्याकडेच आणून देतो, मनात काही ठेवू नका.

गॅस, मेन स्विच बंद करून निघतोय. भाडं वेळेवर खात्यात जमा करतो.

शनिवारपर्यंत कळवाल का? काकूंना नमस्कार.

संदीप