केस चर्चा: कोयता आणि गोपनीयता

कळव्याचा ३४ वर्षांचा रुग्ण ओपीडीत शांतपणे म्हणाला, "मेव्हण्याला सोडणार नाही. कोयता आणलाय. तो रात्री दहाला ऐरोलीहून सुटतो."

रेसिडेंट म्हणाली, "सर, पण गोपनीयता?"

नाव, हत्यार, वेळ. हा नुसता राग नव्हे. (नुसता राग तर रोजच ऐकतो आपण.) मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २३: दुसऱ्याला इजेपासून वाचवायला माहिती देता येते, पण गरजेपुरतीच. म्हणजे मेव्हण्याला नि पोलिसांना धोका सांगा. निदान, दारू, लग्नातली भांडणं नकोत. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाचा १९७६चा टारासॉफ निकालही नुसत्या इशाऱ्यापेक्षा धोक्यातल्या माणसाच्या संरक्षणावर भर देतो.

आधी भरतीचा विचार करा, कोयता घरातून हलवा, कोणाला काय कळवतोय ते रुग्णालाही सांगा. आणि वेळेसकट नोंद आजच.